गॅदरिंगसाठी डेडलाइनचं विडंबन गाणं: चाल कोणती, खर्च किती, वेळ किती

ऑफिसच्या वार्षिक स्नेहसंमेलनात स्किट बसवायचं ठरलं आहे, विषय डेडलाइन आणि मधे एक विडंबन गाणं हवं आहे. एवढं ठरलं की पहिल्या बैठकीतच कुणीतरी गाजलेल्या चित्रपटगीताचं नाव घेतं, दुसरा मोबाइलवर त्याचा कराओके ट्रॅक लावतो आणि सगळे शब्द जुळवायला बसतात. इथेच थांबा. तुमचा खर्च, तालमी आणि नंतरचा मनस्ताप चालीवर ठरतो. म्हणून आधी चाल ठरवा, शब्द नंतर.

उदाहरण म्हणून सावेडीतलं एखादं करसल्लागाराचं कार्यालय धरू. बारा माणसं, त्यातली दोन बरी गाणारी, बाकीची टाळ्या वाजवणारी. नगरमध्ये अशी कार्यालयं गल्लोगल्ली आहेत आणि ड्यू डेटचा जाच त्यांच्याइतका क्वचितच कुणाला असेल. तुम्ही सुप्याच्या किंवा नागापूरच्या एमआयडीसीत असाल तर तारखा बदला. रीत तीच राहील.

जुनी चाल म्हणजे फुकटची चाल, हा समज सगळ्यात महागात पडतो. भारतात शब्द आणि संगीत यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो आणि ही वर्षं पुढच्या 1 जानेवारीपासून मोजतात. गाणं किती जुनं आहे हे पाहू नका, कर्ता कधी गेला ते पाहा. ग. दि. माडगूळकर 1977 साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके 2002 साली गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क 2062 अखेरपर्यंत आहे. कायद्यात शब्द आणि चाल या दोन वेगळ्या कृती आहेत. तुम्ही शब्द पूर्ण बदलले तरी चाल संगीतकाराचीच राहते. ‘आम्ही विडंबन केलंय, ते चालतं’ हेही गृहीत धरू नका. आपल्या कॉपीराइट कायद्यात टीका आणि समीक्षणासाठी सूट आहे, पण विडंबन हा शब्द त्यात लिहिलेला नाही. कव्हर व्हर्जनच्या परवान्याचाही उपयोग नाही, कारण त्यात शब्द किंवा चाल मनासारखी बदलता येत नाही.

मोकळ्या चाली दोन ठिकाणी मिळतात. एक, जुनं नाट्यसंगीत. ‘संगीत मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 साली गेले, म्हणजे त्यांच्या चाली 2015 अखेर मोकळ्या झाल्या. ‘सौभद्र’चे अण्णासाहेब किर्लोस्कर तर 1885 सालीच गेले. पण या चाली मी सुचवणार नाही. त्या गळ्याच्या तयारीच्या आहेत. ताना काढल्या तर शब्द ऐकू येत नाहीत आणि विडंबनात शब्द ऐकू आला नाही तर उरतं काय?

दुसरं ठिकाण म्हणजे लोकगीत. त्याला नावानिशी कर्ता नाही, मुदत नाही, परवानगी मागायला कुणी नाही. त्यातही भोंडल्याची गाणी तुमच्या कामाला अगदी बेतल्यासारखी आहेत. कारल्याच्या वेलाचं गाणं घरातल्या कुठल्याही आजीला विचारा. सून माहेरी जायची परवानगी मागते, सासू दर वेळी एक नवं काम पुढे करते. ते काम झालं की आणखी एक. रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहिलेल्या माणसाची गत याहून वेगळी नाही. डेडलाइनच्या स्किटला लागणारी रचना आयती मिळते: एक मागणारा, एक अडवणारा आणि दर कडव्याला नवी अडचण. टाळ्या वाजवणारे दहाजण कोरसमध्ये बसतात. सूर थोडा इकडे तिकडे झाला तरी भोंडल्यात चालतं, चित्रपटगीतात तो लगेच कानाला खुपतो.

चाल ऑफिसातल्या किंवा घरातल्या मोठ्या बायकांकडून घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. गावागावात ती थोडी वेगळी असते. तुमच्या गटाला सोपी वाटेल ती धरा. मात्र एखाद्या अल्बममधलं भोंडल्याचं रेकॉर्डिंग स्टेजवर वाजवू नका. गीत लोकांचं असलं तरी ते रेकॉर्डिंग कंपनीचं असतं आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो. आरतीच्या चालीवर विडंबन कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. समोरच्या खुर्चीत कोण बसलं आहे आणि त्याला काय लागेल, हे स्टेजवरून सांगता येत नाही.

आता शब्द. लेखक बाहेरून आणायची गरज सहसा पडत नाही. कारकुनी टेबलावरच्या माणसाला ड्यू डेटचं जे माहीत असतं ते बाहेरच्या कवीला माहीत नसतं. कवी आणलाच तर दोन गोष्टी आधी कागदावर घ्या: किती वेळा दुरुस्ती करून मिळेल आणि गाणं पुढच्या वर्षी, दुसऱ्या शाखेत वापरता येईल का. लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

स्वतः लिहिणार असाल तर आधी तारखांची यादी करा. करसल्लागाराच्या ऑफिसात महिना असा जातो: 7 तारखेला टीडीएस, 11 ला विक्रीच्या बिलांचं जीएसटी विवरण, 15 ला पीएफ, 20 ला थ्री-बी. गाण्याची चार कडवी इथेच तयार झाली. तारखा अचूक ठेवा, कारण ऐकणारे सगळे त्याच धंद्यातले आहेत. चुकीची तारीख गायलात तर लोक हसायचं सोडून चूक काढतील. मार्चचा टीडीएस 7 एप्रिलला नसतो, 30 एप्रिलला असतो. तिमाही योजनेतल्या अशिलांचं थ्री-बी महाराष्ट्रात 22 तारखेला जातं. असे अपवाद गाण्यात आणू नका, नेहमीच्या चार तारखा पुरेत.

मग ओळ मापात बसवा. साधी रीत: दर ओळीला आठ अक्षरं, चार-चारच्या दोन टाळ्या. नमुन्यादाखल एक मांडणी देतो, ती घ्या किंवा मोडून आपली करा.

रजा हवी दोन दिस, घरी पाहुणे येणार.
साहेब म्हणती थांबा, आधी टीडीएस भरा.

सात गेली, भरलं हो, आता निघू का घराला?
अकरा तारीख आली, विक्रीची बिलं चढवा.

बिलं चढली सगळी, आता निघू का घराला?
पंधरा उद्यावर हो, पीएफचं आधी पाहा.

पीएफ भरला पुरा, आता निघू का घराला?
वीस तारीख दाराशी, थ्री-बी भरणार कोण?

एकवीस उजाडली, टेबल झालं रिकामं.
पाहुणे परत गेले, रजा मंजूर बरं का!

‘आता निघू का घराला’ ही ओळ तीनदा येते. दुसऱ्या वेळेपासून ती सगळ्या कोरसने म्हणायची, तिसऱ्या वेळी प्रेक्षकही म्हणतात. नवा शब्द फक्त साहेबाच्या ओळीत आहे, म्हणून लोकांचं लक्ष तिथेच राहतं.

मापात एक चकवा आहे. कागदावर ‘टीडीएस’ला चार अक्षरं आहेत, बोलताना आपण तीनच ठोके देतो: टी, डी, एस. ‘भरणार’ कागदावर चार अक्षरांचं, तोंडी दोन ठोक्यांचं. गाताना ‘स’ आणि ‘र’ ओढून पूर्ण म्हटले तरच ओळ बसते. म्हणून ओळ लिहून झाली की मोजत बसू नका, टाळी वाजवत म्हणा. जिथे टाळी आणि शब्द एकमेकांना सोडतात तिथे शब्द बदला. उदाहरणार्थ ‘जीएसटीआर-वन’ हे एकटंच आठ अक्षरं खातं. अख्खी ओळ त्याच्यावर गेली तर विनोदाला जागा उरत नाही. म्हणून वर ‘विक्रीची बिलं’ म्हटलं आहे. ऑफिसात सगळ्यांना कळतं.

कडवी पाचाच्या वर नेऊ नका. सहाव्या तारखेला हशा निम्म्यावर येतो, हे मी बसवलेल्या प्रत्येक कार्यक्रमात पाहिलं आहे.

विनोद कुणावर करायचा, हेही आत्ताच ठरवा. तारखेवर करा, पोर्टल अडकण्यावर करा, साहेबांच्या ‘एवढंच एक’वर करा. अशिलाचं नाव घेऊ नका, एखाद्या सहकाऱ्याच्या दिसण्यावर किंवा आडनावावर जाऊ नका. ज्याची नक्कल करणार त्याला गाणं आधी वाचून दाखवा. साहेबांना नक्की दाखवा. बहुतेक साहेब स्वतःच एक ओळ वाढवून देतात. साखर कारखान्याच्या ऑफिसात असाल तर आणखी एक सांभाळा. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी देण्याची मुदत हीसुद्धा डेडलाइनच, पण तिच्यावर गाणं करू नका. समोर सभासद बसलेले असतात आणि थकलेलं बिल हा त्यांच्या घरचा प्रश्न असतो. त्यापेक्षा गाळप अहवाल, डिस्पॅच, ऑडिटच्या फायली घ्या.

आता पैसे. मार्ग तीन आहेत. खालचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते धरले आहेत, त्या जागी तुमच्याकडचे भाव विचारून घाला.

पहिला मार्ग टाळ्यांचा. ऑफिसातलाच कुणी ढोलकी वाजवतो, बाकीचे टाळ्या देतात. चार तालमींचा चहा, बारा माणसं, दहा रुपये कप: 480. प्रिंटआउट 50. कोरससाठी दोन जादा माइक, 300 प्रमाणे 600. एकूण 1,130.

दुसरा मार्ग वादकांचा. ढोलकी आणि पेटी, दोघे. कार्यक्रमाचे प्रत्येकी 1,500, तालमीचे प्रत्येकी 500, तालमी दोन. म्हणजे 5,000. वरचे 1,130 धरून 6,130. इथला छुपा खर्च तालमीत आणि थांबण्यात असतो. ‘कार्यक्रमाचे दीड हजार’ ऐकून तुम्ही होकार देता, मग कळतं की तालीम वेगळी, गाडीभाडं वेगळं आणि स्किट रात्री साडेनऊला लागलं तर सातपासून बसण्याचे पैसे वेगळे. म्हणून एकच प्रश्न विचारा: ‘दोन तालमी, येणं-जाणं आणि शेवटपर्यंत थांबणं धरून एकूण किती?’ उत्तर मेसेजवर लिहून घ्या. ॲडव्हान्स निम्म्याहून जास्त देऊ नका.

तिसरा मार्ग स्टुडिओत ट्रॅक करून घेण्याचा. समजा ट्रॅकचे 4,000 सांगितले. बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 720, एकूण 4,720. मग पट्टी बदलून हवी, त्याचे वेगळे. एक कडवं वाढलं, त्याचे वेगळे. हा मार्ग मला पसंत नाही. ट्रॅक थांबत नाही. प्रेक्षक हसले की पुढची ओळ हशात बुडते आणि गाणारा मागे पडतो. ढोलकीवाला मात्र हशा ओसरेपर्यंत ठेका धरून ठेवतो. विडंबनात ही सोय सगळ्यात मोलाची आहे.

पट्टीचं आधी पाहा. बायका साधारण काळी चार-पाचच्या आसपास गातात, पुरुष काळी एक-दोनच्या आसपास. एका ऑफिसात आम्ही ट्रॅक बायकांच्या पट्टीत करून आणला आणि साहेबाची भूमिका करणाऱ्याचा आवाज दुसऱ्या ओळीत फाटला. ट्रॅकचे पैसे गेले, आयत्या वेळी टाळ्यांवर गायलो. सवाल-जवाबाच्या गाण्यात यावर सोपा उपाय आहे: साहेबाची ओळ गाऊ नका, ठेक्यात बोला. ती गाण्यापेक्षा बोललेलीच जास्त चांगली लागते.

परवान्याचा खर्च गाण्याचा नसतो, कार्यक्रमाचा असतो. लोकचालीवर स्वतःचे शब्द स्वतः गाणार असाल तर त्या पाच मिनिटांसाठी कुणाकडून काही घ्यावं लागत नाही. पण त्याच संध्याकाळी हिंदी गाण्यांवर नाच आहेत, जेवताना गाणी वाजणार आहेत, त्यांचं काय? शब्द-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस आणि वाजवलेल्या रेकॉर्डिंगसाठी पीपीएल, नोव्हेक्स ही नावं हॉल किंवा हॉटेलवाल्याकडून तुमच्या कानावर येतील. कुठल्या कंपनीची गाणी वाजवणार यावर कुणाचा परवाना लागतो ते ठरतं. लग्नसमारंभाला आणि सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या अधिकृत समारंभाला कायद्यात सूट आहे. खासगी ऑफिसचं गॅदरिंग त्यात बसत नाही. हॉल ठरवतानाच विचारा: ‘संगीताचा परवाना भाड्यात आहे की आम्ही काढायचा?’ ‘तुम्ही काढा’ असं उत्तर आलं तर परवान्याची रक्कम गाण्याच्या खात्यात न टाकता कार्यक्रमाच्या खात्यात टाका, नाहीतर स्किटवाल्यांचं बजेट उगाच फुगलेलं दिसतं.

हॉलसाठी ऑफिसच्या लेटरहेडवर अर्ज, जबाबदार माणसाचं ओळखपत्र आणि बिलावर हवा असेल तर जीएसटी क्रमांक, एवढं तयार ठेवा. अनामत भरलीत तर पावतीवर ‘परतावा’ हा शब्द आणि तारीख लिहून घ्या. भाड्यात साउंड आहे म्हणतात तेव्हा माइक किती ते विचारा. बरेचदा दोन असतात आणि त्यातला एक निवेदकाच्या हातात जातो. दहाजणांच्या कोरसला हातातले माइक देऊ नका, स्टँडवर दोन ठेवा आणि पाच-पाचजण उभे करा.

कार्यक्रम उघड्यावर, कारखान्याच्या आवारात असेल तर लाउडस्पीकरची लेखी परवानगी लागते. नागापूरच्या बाजूला एमआयडीसी पोलीस ठाणे, सुप्याला सुपा पोलीस ठाणे. अर्जात जागा, तारीख, वेळ लिहा आणि जागामालकाची संमती जोडा. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून स्किट शेवटी ठेवू नका. बक्षिसं आणि भाषणं लांबतात आणि स्किटच कापलं जातं. आठच्या आत लावून घ्या. तिकीट लावून बाहेरच्या लोकांना बोलावणार असाल तर मामला वेगळा होतो, मग संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ऑफिसपुरतं ठेवा.

वेळेचा हिशेब तुमच्याच कॅलेंडरवर मांडा. तालमी 21 ते महिनाअखेर याच दिवसांत होतात, त्याआधी कुणी येत नाही. मार्च, जुलै, सप्टेंबर सोडा. जानेवारीअखेर तिमाही टीडीएसचं विवरण असतं, तोही सोडा. कार्यक्रमाला फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा बरा. मात्र तेव्हा बारावीच्या परीक्षा चालू असतात, म्हणून बंद हॉलच घ्या. शब्द जानेवारीच्या 21 ते 25 मध्ये पक्के करा. त्यानंतर एकही ओळ बदलायची नाही, हे सगळ्यांसमोर सांगा. फेब्रुवारीत 21 पासून पाऊण-पाऊण तासाच्या चार तालमी. पहिल्या दोन फक्त टाळ्यांवर, पुढच्या दोन वादकांसह. पैसे वाचतात ते इथे, कारण शब्द पाठ नसताना वादक बोलावले तर तुम्ही त्यांना बसून राहण्याचे पैसे देता.

शेवटचं, व्हिडिओ. गाणं रंगलं की कुणीतरी ते यूट्यूबवर टाकतंच. चित्रपटगीताचा ट्रॅक वापरला असेल तर यंत्रणा तो ओळखते आणि व्हिडिओवर हक्काचा दावा येतो. जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ दिसायचा थांबतो. लोकचालीवर ढोलकी-टाळ्यांनी गायलं असेल तर ही अडचण सहसा येत नाही. तरी टाकण्याआधी संपूर्ण चित्रण पाहा. मागे वाजत राहिलेलं दुसरं गाणं त्यात आलंय का, टेबलावरच्या फायलीवर अशिलाचं नाव किंवा पॅन दिसतंय का? नाव दिसत असेल तर तेवढा भाग कापा, आणि साहेबांचा होकार मेसेजवर घेऊन मगच अपलोड करा.